ओट्यावरचं बटर: मीठवालं, बिनमिठाचं आणि खवटपणाची ओळख (प्रकल्प नोंदी)

६ डिसेंबर: मांडणी

नाश्त्याला पावावर सहज पसरेल इतकं मऊ बटर हवं असेल तर ते फ्रिजबाहेर ठेवावं लागतं. प्रश्न एवढाच की कोणतं बटर, कशात आणि किती दिवस. युरोप-अमेरिकेत झाकणाच्या भांड्यात बटर टेबलावरच असतं, पण तिथली स्वयंपाकघरं वर्षाचा बराच काळ १८ ते २१ अंशांवर असतात. पुण्यात तसे दिवस हिवाळ्यातच मिळतात. म्हणून आत्ता सुरुवात करून हीच तपासणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पुन्हा करायची.

नमुने तीन. पहिलं पाकिटातलं पिवळं, मीठवालं बटर. दुसरं पाकिटातलं बिनमिठाचं, जे केकवाले वापरतात ते. तिसरं घरी साय विरजून, घुसळून काढलेलं लोणी, दोनदा थंड पाण्यात धुतलेलं. प्रत्येकाचा ५० ग्रॅमचा तुकडा झाकणाच्या चिनीमातीच्या भांड्यात, ओट्याच्या शेगडीपासून लांबच्या टोकाला. प्रत्येकाचाच एकेक तुकडा बटर पेपरात आणि त्यावर हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये. तुलनेसाठी हा फ्रीझरमधला तुकडा नसेल तर बाकीच्या तपासणीला अर्थ राहत नाही. नाकाला रोजच्या वासाची सवय होते आणि हळूहळू बिघडणारं बटर रोज 'कालच्यासारखंच' वाटत राहतं.

भांड्याशेजारी साधा तापमापक ठेवला आहे. सकाळी ७ वाजता २० अंश, दुपारी ३ वाजता २४.

७ डिसेंबर: वास कसा घ्यायचा ते ठरवलं

थंड बटरला वास जवळपास येत नाही, कारण वासाची द्रव्यं गारठलेल्या चरबीतून उडत नाहीत. म्हणून फ्रीझरचा तुकडा अर्धा तास आधी बाहेर काढायचा आणि दोन्ही नमुने एकाच तापमानाला आले की मगच हुंगायचे. चमचाभर बटर छोट्या वाटीत घ्यायचं, वाटी तळहातात मिनिटभर धरायची, मग हुंगायचं. दोन वाट्या ताज्याच्या आणि एक जुन्याची, किंवा उलट, अशा तीन वाट्या ठेवायच्या आणि हुंगणाऱ्याला कोणती कुठली ते सांगायचं नाही. वेगळी वाटी ओळखता आली नाही तर त्या दिवशी 'फरक नाही' असं लिहायचं.

चव घ्यायची ती वासानंतर. वाटाण्याएवढा गोळा जिभेवर पूर्ण वितळू द्यायचा, थुंकायचा आणि अर्धा मिनिट थांबायचं. खवटपणाची पहिली खूण बहुतेकदा मागाहून येते: घशाशी किंचित खाज, जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा. दोन नमुन्यांच्या मधे कोमट पाण्याने चूळ भरायची. थंड पाण्याने चरबी तोंडात गोठून बसते. चहा किंवा फोडणीनंतर लगेच ही तपासणी करायची नाही.

८ डिसेंबर: मिठाचा हिशेब

आपल्या पाकिटावर १०० ग्रॅममागे सोडियम ८०० मिलिग्रॅमच्या आसपास लिहिलं आहे. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे साधारण २ ग्रॅम. शंभरात दोन म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण मीठ चरबीत विरघळत नाही, ते सगळं पाण्यात जातं. बटरमध्ये किमान ८० टक्के चरबी असते आणि पाणी जास्तीत जास्त १६ टक्के. म्हणजे ते २ ग्रॅम मीठ जेमतेम १६ ग्रॅम पाण्यात आहे. द्रावणाच्या हिशेबात हे ११ टक्के मीठ झालं. समुद्राचं पाणी साडेतीन टक्के खारट असतं, तर बटरच्या आतलं पाणी त्याच्या तिप्पट. इतक्या खाऱ्या पाण्यात दूध नासवणारे बहुतेक जंतू वाढू शकत नाहीत.

दुसरी गोष्ट पाण्याच्या थेंबांची. नीट मळलेल्या बटरमध्ये पाणी अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात चरबीत विखुरलेलं असतं. थेंब इतके लहान की एखाद्यात जंतू सापडलाच, तरी त्याला तिथे खायला फारसं काही नसतं आणि चरबीची भिंत ओलांडून शेजारच्या थेंबात जाता येत नाही. हे संरक्षण बिनमिठाच्या बटरलाही मिळतं. म्हणूनच ते दुधासारखं संध्याकाळपर्यंत नासत नाही. घरच्या लोण्यात मात्र थेंब मोठे असतात आणि ताकाचे अंशही उरलेले असतात. दाबलं की डोळ्यांना पाणी दिसतं.

मीठ कशाला अडवत नाही तेही इथेच लिहून ठेवायला हवं. मीठ हवेला अडवत नाही. चरबी आणि हवेतला प्राणवायू यांच्यात जे घडतं त्यात जंतूंचा काही भाग नसतो, त्यामुळे मीठ तिथे पहारा देऊ शकत नाही. पुढच्या नोंदींत दोन प्रकारचे खवटपणे वेगळे ठेवायचे ते याचसाठी.

९ डिसेंबर: घरचं लोणी गेलं

घरच्या लोण्याला आज चीजसारखा, शिळ्या उलटीकडे झुकणारा वास आहे. काल फक्त आंबूस होतं. हा फरक नीट लक्षात घ्यावा. विरजणाचा आंबटपणा स्वच्छ असतो, दह्याची आठवण देतो आणि तोंडात राहत नाही. आजचा वास नाकाला टोचतो.

हा पहिला खवटपणा, चरबी फुटल्याचा. दुधाच्या चरबीत ब्यूटिरिक आम्ल वजनाने ३-४ टक्के असतं, पण ते चरबीच्या रेणूत बांधलेलं असताना त्याला वास नसतो. लायपेज नावाचं विकर पाण्याच्या साहाय्याने तो बंध तोडतं, आम्ल मोकळं होतं आणि त्याचा वास अगदी थोड्या प्रमाणातही जाणवतो. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल कितीही जुनं झालं तरी हा विशिष्ट वास येत नाही, कारण त्यांत हे आम्ल नसतंच.

मग दूध तापवलेलं असताना लायपेज आलं कुठून? दुधाचं स्वतःचं लायपेज तापवल्यावर निकामी होतं, हे खरं. पण फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस साय साठवतो त्या काळात थंडीतही वाढणारे जंतू त्यात वाढतात आणि स्वतःचं लायपेज सोडतात. हे विकर चिवट असतं. नंतर साय गरम केली तरी जंतू मरतात, पण त्यांनी मागे ठेवलेलं विकर बऱ्याच अंशी टिकतं. यावर उपाय लोणी काढल्यानंतरचा नसून साय साठवतानाचा आहे. पहिल्याच दिवशी सायीच्या भांड्यात चमचाभर ताजं विरजण घालायचं, म्हणजे आंबटपणा वाढून हे जंतू मागे पडतात. किंवा साय थेट फ्रीझरमध्ये साठवायची.

हे लोणी कढवून तूप करावं का, यावर चर्चा झाली. कढवल्याने पुढचं फुटणं थांबेल, कारण पाणी उडून जाईल आणि पाण्याशिवाय विकराला बंध तोडता येत नाही. पण मोकळं झालेलं आम्ल बरंचसं तुपातच राहील आणि तूप कढत असताना घरभर वास सुटेल. लोणी नुसतं आंबूस असेल तोवरच कढवावं. टोचणारा वास आल्यावर कढवण्यात गॅस वाया जातो.

११ डिसेंबर: लोण्यात मीठ मळून पाहिलं

नव्या सायीचं लोणी काढलं, यावेळी धुतलेलं पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलं. त्याला तीन पाणी लागली. लोणी परातीत तिरकं धरून लाकडी उलथन्याने दाबत पाणी निथळवलं. मग २०० ग्रॅम लोण्याला ४ ग्रॅम बारीक मीठ टाकून मळलं. मीठ बारीकच हवं. खडे मीठ किंवा जाडसर मीठ घेतलं तर प्रत्येक खड्याभोवती पाणी ओढलं जातं, मोठे थेंब बनतात आणि लोणी पाझरू लागतं. बाकीच्या भागात मग मीठच पोहोचत नाही. मळताना मीठ टाकल्यावर आणखी पाणी सुटतं, तेही टाकून द्यायचं. पण त्या पाण्याबरोबर थोडं मीठही जातं, म्हणून शेवटी चव बघायची.

मीठ घालून आंबट लोणी फार काळ साठवायचं मात्र नाही. आंबवलेल्या सायीच्या लोण्यात भरपूर मीठ घालून ते महिनोन्महिने शीतगृहात ठेवलं तर त्याला माशासारखा वास येतो, हा दुग्धशाळांचा जुना अनुभव आहे. आम्ल, मीठ आणि धातूचे अंश एकत्र आले की प्राणवायूचं काम सोपं होतं. आठवडाभराच्या वापराला हे लोणी चालेल, वर्षाच्या साठ्याला नाही.

१३ डिसेंबर: बिनमिठाचं पाकीट

बिनमिठाच्या बटरला तीन वाट्यांच्या तपासणीत आज पहिल्यांदा सगळ्यांनी वेगळं ओळखलं. वास अजून वाईट म्हणावा असा नाही, ताज्या सायीचा गोडसर वास मात्र गेला आहे आणि मागे हलकी चीजची झाक आहे. चवीला खवट नाही. पण मीठवाल्यात आणि फ्रीझरच्या तुकड्यात आजही फरक सापडत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा ग्राहकांना सल्ला बटर बाहेर एक-दोन दिवस ठेवण्याचा आहे. आपल्याला हिवाळ्यात त्याहून जास्त मिळतात असं दिसतं, पण बिनमिठाच्या बाबतीत आम्ही त्या सल्ल्याच्याही आतच राहणार आहोत. केकसाठी मऊ करायला दोन-तीन तास बाहेर काढायचं आणि उरलेलं परत फ्रिजमध्ये ठेवायचं, एवढंच त्याचं बाहेरचं आयुष्य.

१५ डिसेंबर: काचेचं भांडं, खिडकीजवळ

मीठवाल्या बटरचा एक तुकडा मुद्दाम पारदर्शक काचेच्या भांड्यात, पूर्वेच्या खिडकीच्या कठड्यावर कालपासून ठेवला होता. थेट ऊन सकाळी तासभरच आलं, तेही पडद्यामागून, आणि बटर वितळलं नाही. तरी आज त्याच्या वरच्या थराला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आहे, थोडा मेणाच्या खडूकडे जाणारा. शेजारच्याच कपाटात, चिनीमातीच्या भांड्यात त्याच पाकिटाचा तुकडा निर्दोष आहे.

हा दुसरा खवटपणा. दुधात रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व असतं आणि ते निळा उजेड शोषून घेतं. मिळालेली ऊर्जा ते प्राणवायूला देतं आणि असा चेतलेला प्राणवायू चरबीच्या असंपृक्त साखळ्यांवर तुटून पडतो. त्यातून आधी पेरॉक्साइडं बनतात, मग ती तुटून आल्डिहाइडं. पुठ्ठा, जुनं तेल, ऑइलपेंट, चरबीची मेणबत्ती हे सगळे वास या दुसऱ्या टप्प्यातले. पहिल्या टप्प्यातल्या पेरॉक्साइडांना वास नसतो. त्यामुळे बटर वासाला चांगलं असतानाच आतून बरंच पुढे गेलेलं असू शकतं आणि एकदा वास सुरू झाला की भराभर वाढतो. अशा बटरला परत फ्रिजमध्ये ढकलल्याने वेग मंदावतो, पण घड्याळ मागे जात नाही.

चाकूने वरचा ३ मिलिमीटर थर काढला. खालचं बटर वासाला आणि चवीला ठीक निघालं. प्रकाश आणि हवा दोन्ही वरूनच येतात, त्यामुळे बिघाडही पापुद्र्यासारखा वरून आत जातो. ही तपासणी घरात कोणालाही करता येईल: संशय आला की तुकडा कापा, कापलेली आतली बाजू हुंगा, मग वरची. फक्त वरचाच थर वास मारत असेल तर तो काढून उरलेलं लगेच शिजवण्यात वापरता येतं. आतूनही टोचत असेल तर सगळंच टाका.

काचेचं भांडं यापुढे फक्त फ्रिजमध्ये वापरायचं.

१८ डिसेंबर: पितळेची वाटी

बिनकल्हईच्या पितळी वाटीत मीठवालं बटर चार दिवसांपूर्वी ठेवलं होतं. वाटीला लागलेली कड हिरवट झाली आहे आणि तिथली चव धातूची, कळकलेल्या ताकासारखी. ही चव निव्वळ तांबं विरघळल्याची नाही, तांबं चरबीच्या बिघाडाला जोरदार चालना देतं. त्याचा अगदी सूक्ष्म अंशही पुरतो. मिठाचं पाणी तांब्याला आणखी लवकर खातं, म्हणून पितळेत मीठवालं बटर बिनमिठापेक्षा वाईट ठरतं. कल्हई असली तरी ती कुठे झिजली आहे ते रोज कोण बघणार? तांब्या-पितळेची सुंदर भांडी टेबलावर दुसऱ्या कशासाठी तरी ठेवावीत. स्टील, चिनीमाती आणि न तडकलेला रोगण चढवलेली मातीची भांडी चालतात.

२२ डिसेंबर: पिवळी कातडी म्हणजे खवटपणा नव्हे

मीठवाल्या बटरचा वरचा थर गडद पिवळा आणि किंचित पारदर्शक झाला आहे, आतला फिकट आहे. हे पाहून टाकून देण्याची घाई करू नये. बटरचा फिका रंग आतल्या असंख्य थेंबांवरून उजेड विखुरल्याने येतो. वरच्या थरातलं पाणी उडून गेलं की तो उजेड विखुरत नाही आणि चरबीचा खरा रंग दिसू लागतो. आज हा थर वेगळा काढून तपासला. चव जास्त खारट आहे, कारण पाणी गेलं आणि मीठ राहिलं. खवट नाही.

पण ही खूण निरुपयोगीही नाही. पाणी उडतंय याचा अर्थ हवा खेळते आहे, म्हणजे झाकण सैल आहे. आपल्या भांड्याचं झाकण ताटलीवर नुसतं टेकतं. कडेला बोटभर फट आहे. ते बदलून खोबणीत बसणाऱ्या झाकणाचं घेतलं.

फ्रिजमधल्या बटरला येणारा कांदा-मसाल्याचा वासही खवटपणा नाही. चरबी आजूबाजूचे वास ओढून घेते. हा वास ओळखीचा असतो, त्याला नाव देता येतं: लसूण, फणस, कालचं कालवण. खवट वासाला असं बाहेरचं नाव देता येत नाही.

२ जानेवारी: पाण्याचं भांडं

फ्रेंच पद्धतीचं दोन भागांचं भांडं तपासून झालं. वरच्या कपात बटर ठासून भरायचं, खालच्या भांड्यात थोडं थंड पाणी ठेवायचं आणि कप उलटा करून त्यात बसवायचा. पाणी कडेला पोहोचलं की बटरपर्यंत नवी हवा जात नाही. आपल्याकडे लोण्याचा गोळा पाण्यात बुडवून ठेवतात त्याच्यामागचं कारण हेच.

काय बिघडतं ते तीनच शब्दांत सांगता येईल: पोकळ्या, पाणी, उष्णता. बटर भरताना मधे पोकळी राहिली तर तिथे पाणी साचतं आणि बुरशीचे काळे ठिपके तिथूनच सुरू होतात. म्हणून बटर आधी मऊ करून चमच्याच्या पाठीने कडेपर्यंत दाबायचं. पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं. त्यात थोडं मीठ टाकलं तर बरं. आणि तापमान २६-२७ अंशांवर गेलं की बटर सैल होऊन पाण्यात पडतं. डिसेंबर-जानेवारीत हे भांडं उत्तम काम करतं, बाकी पुण्यात त्याला फारसे महिने मिळत नाहीत.

१७ जानेवारी: चाकू आणि चुरा

सामायिक भांड्यातल्या मीठवाल्या बटरवर आज पावाचा चुरा आणि जॅमचा ठिपका सापडला. बटरचं सगळं संरक्षण चरबीने वेढलेल्या खाऱ्या थेंबांत आहे. पावाचा चुरा त्या वेढ्याच्या बाहेर बसतो. तो ओलावा धरतो, पिठूळ असतो, त्याला मीठ लागलेलं नसतं. बुरशीला एवढं पुरेसं आहे. बटरवर हिरवट किंवा काळा ठिपका दिसला की खरवडून वापरायचं नाही, मऊ पदार्थात बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल जातात.

उपाय: भांड्यासाठी वेगळा, कोरडा चाकू. आणि भांड्यात जास्त भरणं बंद. चार माणसं, माणशी रोज साधारण १० ग्रॅम, दोन दिवसांचं ८० ग्रॅम. ५०० ग्रॅमची लादी आणली की तिचे १०० ग्रॅमचे पाच तुकडे करून बटर पेपरात बांधायचे. एक भांड्यात, एक फ्रिजमध्ये, तीन फ्रीझरमध्ये. संपल्याशिवाय नवीन तुकडा त्यात टाकायचा नाही. जुन्यावर नवं घातलं की जुन्यातली पेरॉक्साइडं नव्यालाही कामाला लावतात.

९ एप्रिल: उन्हाळा

सकाळी ७ वाजता २८ अंश, दुपारी ३ वाजता ३४. दुपारी भांड्यात बटर उरलंच नव्हतं, वर पिवळं तेल आणि तळाला पांढुरका गढूळ थर. दुधाची चरबी एका ठरावीक अंशाला वितळत नाही. २० अंशांना तिचा साधारण पाचवा भागच घट्ट असतो, आणि ३५ च्या आसपास सगळी पातळ होते.

रात्री ते गार होऊन पुन्हा घट्ट झालं. दिसायला बटरच, पण बोटाने चोळलं की रवाळ लागतं. पावावर पसरलं की सुट्टं पाणी दिसतं. हे बटर मीठवालं असलं तरी यापुढे बाहेर ठेवायचं नाही. वितळताना सूक्ष्म थेंब एकमेकांत मिसळून तळाशी गेले, म्हणजे ८ डिसेंबरच्या नोंदीतलं दुसरं संरक्षण संपलं. खाली जमलेल्या त्या थरात दुधाची प्रथिनं आणि साखर एकत्र आहेत. फ्रिजमध्ये घट्ट करून मळल्याने थेंब पुन्हा तेवढे बारीक होत नाहीत, त्याला यंत्राचं काम लागतं. असं बटर त्याच दिवशी भाजीत, पराठ्यावर किंवा पावभाजीच्या तव्यावर संपवायचं, नाहीतर लगेच कढवून तूप करायचं. अजून खवट झालेलं नाही, त्यामुळे इथे कढवण्याचा उपयोग आहे.

एप्रिलपासून ओट्यावरचं भांडं बंद. नाश्त्याच्या वीस मिनिटं आधी तेवढाच तुकडा काढायचा. थंड बटर जाड किसणीवर किसलं तर पाच मिनिटांत पसरण्याजोगं होतं.

१२ एप्रिल: लसूण बटर आणि 'लाइट' डबे

कोणीतरी विचारलं की मीठवालं बटर चालतं तर लसूण-कोथिंबीर घातलेलंही चालेल ना. नाही. चिरलेला लसूण आणि पाला आपलं बिनमिठाचं पाणी घेऊन येतात, मातीतले जंतूही. चरबीने वेढलेला लसणाचा तुकडा म्हणजे हवा नसलेली, ओली, आम्लही नसलेली जागा. तिथे बोट्युलिझमच्या जंतूंची भीती खरी आहे आणि त्यांच्या विषाला वास असेलच असं नाही. हे बटर कायम फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं. सँडविचसाठी हिरवी चटणी कालवलेल्या बटरलाही हाच नियम.

कमी चरबीच्या, 'लाइट' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत पाणी बटरच्या दुप्पट-तिप्पट असतं. तेही बाहेर नको. फेटून हलकं केलेल्या बटरमध्ये हवा भरलेली असते, त्यामुळे दुसरा खवटपणा आतूनच सुरू होतो.

६ जुलै: पावसाळा

तापमान खाली आलं, दिवसभर २५-२६. बटर वितळत नाही, म्हणून भांडं पुन्हा ओट्यावर ठेवून पाहिलं. यावेळी अडचण वेगळीच आली. फ्रिजमधून काढलेल्या थंड तुकड्यावर दमट हवेतलं पाणी दवासारखं जमलं. हे पाणी गोडं असतं, बटरच्या पृष्ठभागावर पसरतं आणि तिथला खारेपणा पातळ करतं. पाचव्या दिवशी झाकणाच्या आतल्या बाजूला कुबट वास होता. बटरवर ठिपके नव्हते, पण वरच्या थराला तोच कुबटपणा लागला होता.

फरक पाडणारी गोष्ट साधी आहे. फ्रिजमधला तुकडा कागदात गुंडाळलेलाच बाहेर ठेवायचा, तासाभराने खोलीच्या तापमानाला आला की कागदावरचं पाणी पुसायचं आणि मगच उघडून कोरड्या भांड्यात घालायचा. अशा तुकड्याला त्याच हवेत तिसऱ्या दिवशी कुबटपणा नाही. पावसाळ्यात मीठवाल्यालाही आम्ही तीनच दिवस देतो. हिवाळ्यात झाकणाच्या अपारदर्शक भांड्यात आठवडा दिला आहे. दोन आठवड्यांनीही ते खवट झालं नव्हतं, पण तोपर्यंत ताजेपणा गेलेला असतो.

१० जुलै: भांडं धुण्याबद्दल

नवा तुकडा दुसऱ्याच दिवशी पुठ्ठ्यासारखा वास मारू लागला तर आधी भांडं हुंगावं. झाकणाच्या खोबणीत, दांड्याच्या बुडाशी आणि तडकलेल्या रोगणाच्या भेगांत जुन्या चरबीचा पातळ थर राहतो. थर पातळ म्हणजे हवेला पृष्ठभाग भरपूर, त्यामुळे तो सगळ्यात आधी खवट होतो आणि नव्या बटरला बाधतो. कोमट पाण्याने हा थर निघत नाही, नुसता पसरतो. भांडं आधी कागदाने पुसायचं, मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात साबण घालून खोबण ब्रशने घासायची. वास राहिलाच तर चमचाभर धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून अर्धा तास भिजवायचं. स्टील आणि चिनीमातीला तो चालतो, ॲल्युमिनियमला नाही. मग पूर्ण कोरडं करायचं, पावसाळ्यात फडक्याने पुसून वर पंख्याखाली. रोगणाला भेग असलेलं भांडं कितीही धुतलं तरी वास धरतंच, त्यात बटर ठेवू नये. खवट निघालेलं बटर मोरीत ओतायचं नाही, पाइपात गोठून बसतं. कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकायचं.